ऊसतोड कुटुंबातल्या शाळा सुटलेल्या मुलामुलींच्या मुलाखती, कोडिंग आणि ओळख जपणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएसडब्ल्यू, एमएड, पीएचडीची मुलं आणि संस्थांचे कार्यकर्ते साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहितेय. उदाहरण सगळीकडे एकच धरलंय, बीड आणि आसपासच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली मुलं. दुसऱ्या कुठल्या मुलांवर काम करत असाल तर तपशील बदलतील, पण मूळ अडचण तीच राहते: मुलाची शाळा का सुटली हे ज्या तपशिलातून कळतं, नेमक्या त्याच तपशिलातून ते मूल कोण हेही गावाला कळतं. त्यामुळे कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या ओळींना छोटी नावं देत अर्थ लावणं, आधी आणि गोपनीयता नंतर बघू असं करता येत नाही, दोन्ही सोबतच करावं लागतं.

"शाळा का सोडली?" असं सरळ विचारलं तर काय बिघडतं?

तयार उत्तर मिळतं. "घरची परिस्थिती", "शिक्षणात मन लागत नव्हतं", बस, इथेच मुलाखत संपते. ही उत्तरं खोटी असतात असं नाही, पण ती मुलांनी आधीच दहा जणांना दिलेली असतात, सर्व्हेवाल्यांना, गुरुजींना, मामाला. आणि "सोडली" या शब्दातच दोष मुलाच्या अंगावर टाकलेला असतो.

त्यापेक्षा हंगामाच्या हिशोबाने एकेक वर्ष विचारत जा. आपल्याकडे शाळा जूनला सुरू होते, दिवाळीनंतर दुसरं सत्र, आणि तोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे टोळीसोबत गेलेल्या मुलाचं अख्खं दुसरं सत्र जातं. मग विचारायचं, पहिल्यांदा फडावर गेलीस तेव्हा कितवीत होतीस, त्या साली कोणता कारखाना होता, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, माघारी आलात तेव्हा शाळेत पहिल्या दिवशी काय झालं, कुठे बसलीस, बाई काय म्हणाल्या. तारखा कुणाला आठवत नाहीत, पण दिवाळी, पाडवा, अक्षय तृतीया, बहिणीचं लग्न, भावाचा जन्म हे आठवतं. असं वर्षावर्षाने गेलं की बहुतेक वेळा लक्षात येतं की शाळा सुटल्याचा असा एक दिवस नाहीच, हजेरीपटावर नाव आहे पण मूल नाही अशी एकदोन वर्षं मधे गेलेली असतात.

१८ वर्षांखालची मुलं घ्यावीत का?

विषयाला अगदीच गरज असेल तरच. पहिलाच अभ्यास असेल तर १८ ते २२ वयाची घ्या आणि त्यांना मागचं आठवून सांगू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःची संमती ती स्वतः देऊ शकतात, आणि शाळेबद्दल, वडिलांबद्दल, टोळी नेणाऱ्या मुकादमाबद्दल बोलायला थोडं अंतर मिळालेलं असतं. तोटा हा की आठवण नंतरच्या आयुष्याने रंगते, लग्न झालेली मुलगी सातवीतली गोष्ट आजच्या नजरेतून सांगते, ते लेखात स्पष्ट लिहायचं.

१८ खालचं कुणी घेतलंच तर पालकाची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार असं दोन्ही लागतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी होकार चालतो, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. आणि पालक हो म्हणाले पण मूल गप्प बसलं तर तो नकार समजायचा, मुलाखत तिथेच थांबवायची.

संमतीपत्रावर सही घ्यायची की नाही?

घ्यायची असेल तर कशावर घेताय ते बघा. ज्या घरात मुकादमाकडून आगाऊ उचल घेताना कागदावर अंगठा दिलेला आहे तिथे कुठलाही कागद पुढे केला की घाम फुटतो. एथिक्स कमिटीकडून तोंडी रेकॉर्ड केलेल्या संमतीची परवानगी आधीच मागून घ्या, त्याला कमिट्या नाही म्हणत नाहीत असं नाही पण कारण नीट लिहिलं तर बऱ्याचदा मान्य होतं. शिवाय सही केलेला कागद म्हणजे तुमच्या अभ्यासातला बऱ्याचदा एकमेव कागद जिथे त्या मुलीचं खरं नाव आहे, तोच नसेल तर हरवण्याचीही भीती नाही.

संमती सांगताना तीन गोष्टी साध्या बोलीत सांगायच्या: मी शाळेची नाही आणि सरकारी योजनेची पण नाही, नाही म्हटलंस तर काही बंद होणार नाही, आणि अमुक तारखेपर्यंत फोन केलास तर तुझं बोलणं काढून टाकेन. ती तारीख ठरवताना विश्लेषण सुरू व्हायच्या आधीची ठेवा, नंतर खरंच काढता येत नाही. बोलताना मुलगी सारखी "मॅडम, मॅडम" करत असेल तर तिने तुम्हाला शाळेतलं कुणीतरी धरलंय, परत पहिल्यापासून सांगा.

"हे कुणालाच सांगणार नाही" असं म्हणू शकते का?

नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे १८ खालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, संशोधकाला सूट नाही, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. या विषयात हे अपवादाने येत नाही, कारण मुलींची शाळा सुटण्यामागे पुष्कळदा लवकर लग्न असतं, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर १८ खालच्या पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच धरला जातो. म्हणजे १६ वर्षांची मुलगी सहज बोलता बोलता "मला दिवस गेलेत" म्हणाली की तुम्ही कायद्याच्या कक्षेत आलात.

म्हणून रेकॉर्डर लावायच्या आधी सांगायचं: तू सांगशील ते मी तुझ्या नावाने कुठे लिहिणार नाही, पण लहान वयाच्या कुणाला कुणी त्रास देतंय असं कळलं तर मला ते पुढे सांगावं लागेल, तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव. यामुळे काही जणी काही गोष्टी सांगणार नाहीत, डेटा कमी मिळेल, चालेल. गाईड आणि कमिटी यांच्यासोबत आधी बसून लेखी ठरवा की असं काही आलं तर पहिला फोन कुणाला, चाइल्डलाइनच्या १०९८ ला कोण करणार, आणि मुलीला कोण सांगणार. १८ वरच्यांच्याच मुलाखती घेत असाल तरी हे लागतं, कारण बोलता बोलता धाकट्या बहिणीचं निघतं.

मुलाखत कुठे आणि कधी घ्यावी?

फडावर नको. कोपीला, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीला, भिंत नावाला असते, शेजारच्या कोपीत सगळं ऐकू जातं, मुकादमाचा माणूस कोण आलंय बघायला फिरतोच, आणि पहाटेपासून मोळ्या बांधून आलेल्या माणसाला तास-दीड तास बोलायला लावणं हे बरोबरही नाही. पावसाळ्यात गावी असतात तेव्हा जा. शाळेत बसू नका, सरपंचाच्या ओसरीवर तर नकोच. मुलीसोबत आई बसणार असेल तर बसू द्या, पण मग त्या मुलाखतीच्या नोंदीत "आई हजर" असं लिहा, कारण त्यात "आईने थांबवलं" हे येणार नाही आणि कोडिंग करताना ते न येणं म्हणजे तसं घडलंच नाही असं धरलं जातं.

किती मुलाखती पुरतात?

गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ साली बायकांच्या ६० मुलाखतींच्या अभ्यासात बघितलं की पहिल्या १२ मधेच बहुतेक कोड येऊन गेले, तेव्हापासून सगळे १२ आकडा सांगतात. पण त्या बायका एकमेकींसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्न नेमके होते. तुमच्याकडे मुलगे आणि मुली असतील तर त्यांच्या वाटा फार वेगळ्या, एकाच डब्यात घालून १२ म्हणू नका, प्रत्येक गटात वेगळं बघा. नवीन मुलाखतीत नवीन कोड निघायचे थांबले का हे मोजत जा, त्यासाठी पाच मुलाखती झाल्या की कोडिंग सुरू करावं लागतं, सगळ्या संपेपर्यंत थांबून चालत नाही.

कोडिंग नेमकं करतात कसं, एक उदाहरण द्या ना.

खालचा उतारा मी उदाहरणासाठी रचलेला आहे, कुणा एकीचा नाही.

"दिवाळी झाली की आमी जायचो, पट्टा पडला की माघारी. आल्यावर शाळा चालूच असायची म्हणा, पण गणितात पोरं कुठल्या कुठं गेलेली. बाई म्हणल्या तू मागं बस, नुसतं लिहून घे. मंग सातवीच्या साली बारका भाऊ झाला, आई फडात गेली तर त्याला कोण बघणार, मी कोपीवरच. पुढच्या साली म्हणलं आज्जीकडं राहते, तर वडील म्हणले वयात आलेली पोर मागं ठेवत नसतेत."

पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नका, ऑडिओ ऐकत नुसतं वाचा. दुसऱ्या वाचनात ओळीओळीला छोटे कोड द्या, शक्यतो तिच्याच शब्दांच्या जवळचे. इथे माझे कोड असे होतील: "पोरं पुढे गेलेली", "मागं बस", "बारक्याला बघणं", "वयात आलेली मागं ठेवत नाहीत", "आज्जीकडे राहण्याचा प्रयत्न". शेवटचा कोड लोक हमखास विसरतात, कारण तो प्रयत्न फसला. पण मुलीने शाळेत राहायची वाट शोधली होती ही माहिती "गरिबी" कोडमधे गडप होऊन जाते. "गरिबी", "स्थलांतर", "पालकांची उदासीनता" असे मोठे कोड सुरुवातीला टाळाच, ते तुम्ही घरून घेऊन आलेले असतात.

मग कोडची वही करा, एक्सेल पुरतं. प्रत्येक कोडसमोर नाव, अर्थ, कधी लावायचा, कधी लावायचा नाही, आणि एक नमुना ओळ. "मागं बस" हा कोड शिक्षकांनी मुलीला वर्गात बाजूला ठेवलं तरच लावायचा, तिला स्वतःला लाज वाटून ती मागे बसली तर तो वेगळा कोड. ही रेघ लिहून ठेवली नाही तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतःच वेगळं लावता.

कोड आणि थीम यात फरक काय?

ब्रॉन आणि क्लार्क यांची २००६ ची सहा टप्प्यांची पद्धत सगळे वापरतात, पण तिसऱ्या टप्प्यावर कोडचे गठ्ठे बांधून त्यांना "आर्थिक कारणे", "सामाजिक कारणे", "शैक्षणिक कारणे" अशी नावं देतात आणि थीम झाली म्हणतात. ते विषयांचे कप्पे झाले. थीम म्हणजे पूर्ण वाक्यात लिहिता येईल आणि चुकीचं ठरू शकेल असं काहीतरी. जसं की "दरवर्षी परत आलेल्या मुलीसाठी वर्गात जागा कमी होत जाते, आणि घरातल्या कामात जागा वाढत जाते, त्यामुळे शेवटचा निर्णय घरात झाला तरी त्याची तयारी वर्गात झालेली असते." हे वाक्य चुकीचं ठरू शकतं, म्हणून आता त्याच्या विरुद्ध जाणारी मुलाखत शोधायची.

समजा एक मुलगा सापडला जो हंगामी वसतिगृहामुळे गावातच राहिला, वर्गात मागे पडला नाही, तरी नववीत सुटला, कारण वडिलांची उचल फिटली नव्हती आणि कोयता पुरा करायला दुसरं माणूस हवं होतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आई आजारी पडली की मोठा मुलगा तिच्या जागी उभा राहतो. त्याच्यावर वर्गवाली थीम लागू होत नाही. त्याला बाहेर फेकू नका, थीमची हद्द त्याच्यावरून ठरवा: मुलींमधे आणि लहान इयत्तांत ही वाट दिसते, थोरल्या मुलांमधे कर्जाची वाट थेट चालते. बहुतेक प्रबंधांमधे हा मुलगा गायब असतो आणि म्हणूनच त्यांचे निष्कर्ष इतके गुळगुळीत वाचायला मिळतात.

दोघांनी कोडिंग करावं का असंही विचारतात. दोन-तीन ट्रान्सक्रिप्ट दोघांनी वेगवेगळे कोड करून मग जिथे जमलं नाही तिथे भांडा, तेवढं पुष्कळ आहे. टक्केवारीच्या मागे लागू नका, मतभेद कुठे झाला हेच खरं कामाचं असतं.

नाव बदललं की ओळख लपली ना?

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. पुण्यात बसून लेख वाचणाऱ्याला ती मुलगी कधीच ओळखू येणार नव्हती, त्याच्यापासून लपवून काही मिळत नाही. ओळखणारे तिघे आहेत, शाळेचे मुख्याध्यापक, मुकादम आणि घरातलं माणूस, म्हणजे वडील किंवा सासू. या तिघांना नाव लागतच नाही.

वरचाच उतारा घ्या आणि शेजारी लिहा "सुनीता, १९, अमुक तालुका, वंजारी, वडील ऊसतोड कामगार, सातवीत शाळा सोडली." गावात त्या साली सातवीतून सुटलेल्या, आणि त्याच साली भाऊ झालेल्या मुली किती असतील? एकच. मुख्याध्यापक ते वाचतील आणि "बाई म्हणल्या मागं बस" यावरून कुठल्या बाई तेही ठरवतील. इथे एक आतली गोष्ट लक्षात घ्या, शाळेतली शिक्षकांची पदं संचमान्यतेत पटावर ठरतात, त्यामुळे "पटावर नाव होतं पण मी फडावर होते" हे वाक्य शाळेसाठी फार नाजूक आहे, आणि त्याचा राग त्या घरातलं पुढचं लेकरू शाळेत असेल तर त्याच्यावर निघू शकतो.

म्हणून प्रत्येक उतारा छापण्याआधी तीनदा वाचायचा, एकदा मुख्याध्यापक बनून, एकदा मुकादम बनून, एकदा सासू बनून. प्रत्येक वेळी विचारायचं, मला कोण ते कळलं का, आणि कळलं तर मी काय करेन.

मग काय काढायचं आणि काय ठेवायचं?

थीम ज्याच्यावर उभी आहे ते ठेवायचं, बाकीचं सैल करायचं. वरच्या उताऱ्यात थीमला तिचं मुलगी असणं लागतं, मागे बसवणं लागतं, लहान भावंड लागतं. तालुका लागत नाही, "मराठवाड्यातलं एक गाव" पुरतं. नेमकी सातवी लागत नाही, "उच्च प्राथमिक वर्गात असताना" चालतं, म्हणजे उताऱ्यातही "सातवीच्या साली" च्या जागी चौकोनी कंसात "एका साली" असं घालायचं. जात लागते का? तुमची थीम जातीबद्दल असेल तरच, नाहीतर ती फक्त टेबलात एकूण गटाची सांगा, एकेका उताऱ्याला चिकटवू नका. "तांडा" किंवा "पारधी वस्ती" हे शब्दही समाज सांगूनच टाकतात, गावाचं नाव काढून हे शब्द तसेच ठेवले तर काही लपत नाही.

तपशील सैल करणं वेगळं आणि खोटा घालणं वेगळं. भावाच्या जागी "बहीण" लिहिलं, लपलं खरं, पण मुलग्याच्या जन्माने घरात काय बदललं हा प्रश्नच मेला. ज्याच्यावर विश्लेषण उभं आहे तिथे खोटं घालू नका, दुसऱ्या जागी सैल करा, आणि दोन्ही जमत नसेल तर तो उतारा सोडा, थीम तुमच्या शब्दात सांगा.

टोपणनावाचा एक धोका बोलला जात नाही. "सुनीता" हे नाव पान १२, ४० आणि ९५ वर आलं की वाचणारा तिन्ही जोडतो, एका पानावर भाऊ, दुसऱ्यावर कारखान्याचा जिल्हा, तिसऱ्यावर नवऱ्याची मारहाण, आणि चित्र पूर्ण होतं. म्हणून नाजूक उताऱ्याला टोपणनाव लावूच नका, नुसतं "एक मुलगी" म्हणा. जिथे एकीची अख्खी कहाणी सांगणं गरजेचं आहे तिथे तीनचार जणींच्या अनुभवातून एक चित्र बांधा आणि ते तसं बांधलंय हे वाक्यात स्पष्ट लिहा.

रेकॉर्डिंग आणि फाईली कशा सांभाळायच्या?

रेकॉर्डिंग फोनवर करत असाल तर आधी क्लाऊड बॅकअप बंद करा, नाहीतर घरी पोचायच्या आत ऑडिओ तुमच्या अकाऊंटवर आणि त्यावर लॉगिन असलेल्या घरातल्या टॅबवर गेलेला असतो. फाईलचं नाव `M07_F.m4a` असं काहीतरी, गाव किंवा नाव नाही. कोण M07 ते एका वेगळ्या पासवर्डच्या फाईलमधे, दुसऱ्या जागी. ट्रान्सक्रिप्शनला ऑडिओ व्हॉट्सॲपवर पाठवू नका. बोली समजायला त्याच भागातला माणूस हवा असतो हे खरं, पण त्याच तालुक्यातला नको, शेजारच्या जिल्ह्यातला शोधा आणि गोपनीयतेचा करार करून घ्या. ट्रान्सक्रिप्ट ऑडिओशी ताडून झाला, नावंगावं काढून झाली, की ऑडिओ पुसायचा, त्याची तारीख कमिटीला आधीच सांगितलेली असावी.

निष्कर्ष गावात सांगायचे का?

सांगायचे, पण उतारे वाचून दाखवायचे नाहीत. आधी ज्यांचे उतारे छापणार त्या प्रत्येकीला तिचा उतारा एकटीला वाचून दाखवा आणि विचारा, हे सासरच्यांनी वाचलं तर चालेल का. इथे पुष्कळ जणी एखादा शब्द बदलायला सांगतात, बदला. मग गावात बोलताना थीमच्या पातळीवर बोला, आणि शक्यतो तुम्ही काम केलेल्या चार गावांचं एकत्र, एकाच गावाचं नाही. शाळेत वेगळी बैठक घेतलीत तर परत आलेल्या मुलांना वर्गात कुठे बसवतात आणि दुसऱ्या सत्राचं राहिलेलं कधी शिकवतात यावर बोला, कुठल्या मुलीने काय सांगितलं असा प्रश्न नक्की येईल, त्याला "ते मी सांगू शकत नाही" एवढंच उत्तर द्या, दुसऱ्यांदा विचारलं तरी तेवढंच.